आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ: अक्षर केवढे असावे आणि फोटो किती वेळ ठेवावा?

पुतण्या, अमरावती: घरच्या व्हिडिओत अक्षरे मोठी केली की तो निवडणुकीचा फलक वाटतो. माझ्या फोनवर 40 आकाराची अक्षरे स्पष्ट दिसतात आणि 3 सेकंदांत कोणताही फोटो पाहून होतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारचा नातू वाचून दाखवेल. उगाच रटाळ का करायचे?

आर्वीची सून: गेल्या दिवाळीत सासूबाईंचा व्हिडिओ मी याच समजुतीने केला होता, म्हणून सविस्तर लिहिते. आमचा टीव्ही 32 इंची, म्हणजे पडदा जेमतेम 70 सेंटिमीटर रुंद, आणि म्हातारी मंडळी बसतात ती समोरच्या भिंतीजवळच्या दिवाणावर, 10 फुटांवर. आडवा फोन आपण एका फुटावरून पाहतो तेव्हा तो डोळ्यांना त्या टीव्हीच्या दुप्पट मोठा भासतो. हात पूर्ण लांब करून फोन धरा, म्हणजे दिवाणावरून टीव्ही केवढा दिसतो ते कळेल, आणि मग तुमची 40 आकाराची अक्षरे वाचून पाहा. वेगाचे म्हणाल, तर लग्नाच्या पंगतीतल्या फोटोत सासूबाई कोपऱ्यातली बाई ओळखत असतानाच पुढचे तीन फोटो निघून गेले. “थांब ना वं, ते कोन हाये?” असे त्या दोनदा म्हणाल्या आणि नंतर गप्प बसल्या. ते गप्प बसणे मला अजून बोचते.

पुतण्या, अमरावती: वहिनी, भावना समजल्या. पण माझ्याकडे 140 फोटो आहेत. प्रत्येकाला 8 सेकंद दिले तर जवळजवळ 19 मिनिटे होतात, आणि तेवढ्यात अर्धी माणसे ओसरीवर जाऊन बसतील.

स्टुडिओवाला, दारव्हा: मग फोटो कमी करा, सेकंद कमी करू नका. एकट्या माणसाच्या फोटोला 5 सेकंद पुरतात, पण वीस माणसांच्या फोटोला 12 सेकंदही कमी पडतात, कारण म्हातारी माणसे फोटो पाहत नाहीत, त्यातली माणसे मोजतात. मी असा फोटो आधी पूर्ण दाखवतो, मग डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवतो. ओळ किती वेळ ठेवायची हे ठरवताना ती मोठ्याने, गुरुजींच्या चालीने दोनदा वाचावी आणि तेवढा वेळ द्यावा. आकाराच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, कारण प्रत्येक अॅपचा आकडा वेगळा असतो आणि आपल्या लिपीत वेलांट्या, मात्रा व उकार यांना जागा लागत असल्याने मूळ अक्षर त्या आकड्यापेक्षा बरेच लहान उमटते. चाचणीची एक ओळ पेन ड्राइव्हवर घ्यावी, टीव्हीवर लावावी आणि पट्टीने मोजावे. 10 फुटांवरून पाहणार असतील तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत निदान 2 सेंटिमीटर भरले पाहिजेत. ओळ पडद्याच्या अगदी कडेला नको, कारण पुष्कळ टीव्ही कडा कापतात आणि खालचे उकार आधी जातात.

नोकरीनिमित्त पुण्यात: मी व्हॉट्सअॅपवर पाठवला तेव्हा अक्षरे मोठी असूनही पुसट आली. त्याचा उपाय कोणी सांगेल का?

स्टुडिओवाला, दारव्हा: तो वेगळा प्रश्न आहे, दादा. व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

निवृत्त गुरुजी, मोर्शी: मला दुहेरी भिंगाचा चष्मा आहे. बाजेवर उशी घेऊन टेकलो की टीव्ही नेमका खालच्या, जवळच्या भिंगातून दिसतो आणि 2 सेंटिमीटरचे अक्षरही धूसर होते. तेव्हा आकाराचा हा सारा वाद व्यर्थ आहे. नावे लिहूच नयेत, घरातल्या कोणी आवाजात सांगावीत.

आर्वीची सून: गुरुजी, क्षमा करा, पण तुमच्या एका बाजेवरून सगळ्यांचे अक्षर काढून घेऊ नका. आमच्या मामंजींना ऐकू येत नाही, त्यांनी काय करावे? नातवाने कानात ओरडावे?

निवृत्त गुरुजी, मोर्शी: मी कोणाचे काही काढून घेत नाही, ताई. ज्या आयाबायांना शाळा मिळाली नाही, त्यांना 2 सेंटिमीटर काय आणि 10 काय? आमच्या आईने आयुष्यभर अंगठाच दिला. तिला नावे ऐकूनच कळली असती.

स्टुडिओवाला, दारव्हा: यावर मात्र मला उत्तर देता येत नाही. आवाज देणारच असाल तर बोलणे सुरू असताना गाणे पूर्ण बंद ठेवा. आपल्याला मंद वाटणाऱ्या गाण्याखालीही वयस्कर कानांना स, श, त, क वेगळे ऐकू येत नाहीत. त्याच वेळी नावही खाली असावे, गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, कारण पिवळ्या शालूवर पांढरे अक्षर कोणालाच दिसत नाही.

पुतण्या, अमरावती: हात लांब करून पाहिले. मला वाचता आले, पण डोळे बारीक करावे लागले, आणि मी 26 वर्षांचा आहे. अक्षरांबाबत मान्य करतो. फोटो मात्र 90 च्या खाली आणणार नाही, कारण कोणत्या काकांचा काढायचा हे तुम्ही आमच्या घरी येऊन सांगा.