किमान वेतनाची पडताळणी महिन्यागणिक करावी

«घरकामगाराचे तास दर आठवड्याला बदलतात, मग ठरलेला मासिक पगार किमान वेतनाइतका आहे का, हे कसे पाहायचे?»

आठवड्याच्या अंदाजी तासांना चारने गुणू नये, कारण महिन्यात सरासरी ४.३३ आठवडे असतात. त्या महिन्यात प्रत्यक्ष भरलेले तास रोज आल्या-गेल्याच्या वेळेसह लिहावेत आणि बेरजेला ताशी किमान दराने गुणावे. पगार ६,००० आणि दर ६० असेल, तर तो १०० तासांपुरताच पुरतो. पाहुण्यांमुळे ११२ तास भरल्यास किमान देय ६,७२० होते, म्हणजे ७२० कमी पडले. काम देणाऱ्याच्या सांगण्यावरून थांबून राहिलेला वेळही, माझ्या मते, कामाचाच धरावा. जिथे कायदा प्रत्येक वेतनकाळाचा हिशेब स्वतंत्र मानतो, तिथे मागच्या हलक्या महिन्याने ही तूट भरून निघत नाही.