शून्यं भरून ९९ आणि १०० हर्ट्झ वेगळे होतात का?

कंपनवेडा:
"झीरो पॅडिंगने रिझोल्युशन वाढत नाही" हे पुस्तकी वाक्य आता बास झालं. दोन पोलची पंपाची मोटर, ५० हर्ट्झ सप्लाय, २९७० आरपीएम. गतीची दुप्पट ९९ हर्ट्झ, सप्लायची दुप्पट १००. २५६० च्या सँपलिंगने १०२४ सँपल घेतले, विंडो लावली नाही. नुसत्या एफएफटीत ९७.५ वर एकच शिखर होतं. शून्यं भरून ८१९२ केले, तर ९७.८ आणि १०१.२ वर जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं आली. थोडी चूक धरा, पण दोन्ही वेगळी झाली की नाही?

सिंधुदुर्गकर:
नाही झाली. याच समजुतीवर लोक मोटर उघडायला लावतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या नव्या बिनमधलं अंतर ०.३१ हर्ट्झ आहे. मग शिखर सव्वा हर्ट्झने कसं चुकतं? ही "थोडी चूक" नाही, तीच खरी खूण आहे. तुमचं रेकॉर्ड ०.४ सेकंदाचं आहे. ९९ आणि १०० च्या लहरी एकमेकींशी जुळायला, उलट व्हायला आणि पुन्हा जुळायला पूर्ण एक सेकंद लागतो. त्याचा निम्म्याहून कमी भाग तुम्ही पाहिलात. शून्यं भरल्याने उरलेला भाग कुठून येणार? ०.४ सेकंदाचा जो अखंड स्पेक्ट्रम आहे, तोच जास्त ठिकाणी वाचला जातो, एवढंच.

मग दोन शिखरं का? रेकॉर्डच्या मध्याला दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट असतील, तर मधोमध ९९.५ ला त्या एकमेकींना खातात आणि दोन्ही बाजूंना कुबडं उरतात. ती कुठे पडतील हे मुख्यतः रेकॉर्डच्या लांबीवर ठरतं: मध्यापासून साधारण ०.६६ भागिले ०.४, म्हणजे १.६५ हर्ट्झ इकडेतिकडे. आता तुमचे आकडे पुन्हा वाचा.

करून बघा:

```python
import numpy as np
t = np.arange(4096)/2560
x = np.cos(2*np.pi*99*t) + np.cos(2*np.pi*100*t)
a = np.abs(np.fft.rfft(x[2048:3072], 8192))
b = np.abs(np.fft.rfft(x[768:1792], 8192))
```

`b` मध्ये तुमची दोन शिखरं येतील. `a` मध्ये ९९.४ जवळ एकच ढिगारा येईल. सिग्नल तोच, फक्त तुकडा अर्ध्या सेकंदाने सरकवला. मशीन बदललं नाही आणि शिखरांची संख्या बदलली, तर ती शिखरं मशीनची नव्हेत.

जुना फिटर:
एवढं गणित कशाला? मोटर चालू असताना स्पेक्ट्रमवर नजर ठेवा आणि सप्लाय तोडा. विजेचं असेल ते तत्क्षणी पडतं, यांत्रिक असेल ते मोटर थांबत जाईल तसं हळूहळू खाली सरकतं. माझ्या कारखान्यात बाहेरच्या एका एजन्सीने रंगीत रिपोर्ट देऊन कपलिंगचं अलाइनमेंट दोनदा करायला लावलं, कंपन जसंच्या तसं. सप्लाय तोडला आणि शिखर गायब! पायाखाली शिम कमी होती, एअर गॅप वाकडा झाला होता. रिपोर्टचे पैसे मात्र पूर्ण मोजले. ही पोरं मशीनला हात लावत नाहीत, हे माझं खरं दुखणं आहे.

कंपनवेडा:
फिटरसाहेब, चोवीस तास चालणाऱ्या पंपाचा सप्लाय तोडायची परवानगी मला कोण देणार? आणि सिंधुदुर्गकर, पॅडिंग इतकं निरुपयोगी असेल तर मोबाइलवरचे ट्यूनर छोट्याशा तुकड्यावरून ०.१ हर्ट्झपर्यंत आकडा कसा दाखवतात?

सिंधुदुर्गकर:
निरुपयोगी म्हणालोच नाही. एकच सूर असेल तर शिखराचा माथा दोन बिनच्या मध्ये पडतो, आणि विंडो नसेल तर उंची ३६ टक्क्यांपर्यंत कमी वाचली जाते. पॅडिंगने माथा सापडतो. एका डोंगराचं शिखर अचूक शोधणं वेगळं आणि डोंगर एक की दोन हे ठरवणं वेगळं. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकदम छेडून ट्यूनरसमोर धरा, मग त्या ०.१ चं काय होतं ते दिसेल.

तंबोरेवाली:
तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी काळी एकला लावते, म्हणजे १३८.६ च्या आसपास. जोडीच्या तारांत ०.४ हर्ट्झचा फरक असला तरी माझ्या कानाला कळतो, ट्यूनरला नाही. तेव्हा तुमची ही मर्यादा यंत्राची आहे, कानाची नाही.

सिंधुदुर्गकर:
कानालाही तीच मर्यादा आहे. ०.४ हर्ट्झचा हेलकावा अडीच सेकंदांनी येतो आणि तुम्ही तेवढा वेळ ऐकता, म्हणून कळतं. अर्धा सेकंद ऐकून सांगा, मग बोलू.

तंबोरेवाली:
अर्ध्या सेकंदातच सांगते, आणि असं दरडावून बोलू नका. मी षड्जाचा मूळ स्वर ऐकतच नाही. जवारी उघडी असली की वरचे स्वयंभू स्वर मोठे होतात, मी तिथे ऐकते. मण्याने तार मिळवताना आमच्या गुरुजींनी हेच शिकवलं: तळ नको, वरचा घुमारा ऐक.

सिंधुदुर्गकर:
हे मान्य करावं लागेल. पाचव्या स्वरांशाला ०.४ चा फरक २ हर्ट्झ होतो, हेलकावा अर्ध्या सेकंदात पुरा होतो. म्हणजे नियम मोडला नाही, पण तुम्ही जागा योग्य निवडता. माझं वाक्य घाईचं होतं.

जुना फिटर:
मोटर राहिली बाजूला, मैफल सुरू झाली.

मॉडेलवाला:
सिंधुदुर्गकर अर्धंच सांगताहेत. टॅकोमीटरने गती नेमकी माहीत असेल आणि सप्लायची वारंवारता मोजलेली असेल, तर ०.४ सेकंदावरच ९९ आणि १०० च्या दोन लहरी लीस्ट स्क्वेअर्सने बसवता येतात. गोंगाटामुळे येणारी चूक साधारण दीडपट होते, अशक्य काहीच नाही. "कमी रेकॉर्डमध्ये माहितीच नसते" हेही पुस्तकीच वाक्य झालं.

सिंधुदुर्गकर:
मी तसं म्हटलं नव्हतं, पण मुद्दा खरा आहे. मात्र ती माहिती तुम्ही बाहेरून आणता: लहरी दोनच आहेत आणि नेमक्या कुठे आहेत. तिसरी एखादी तिथे असली तर तिचं कंपन मुकाट्याने या दोघींत वाटलं जाईल आणि आलेख तरीही देखणा दिसेल.

मॉडेलवाला:
वजाबाकी करून उरलेला सिग्नल बघायचा, त्यात दिसतं.

सिंधुदुर्गकर:
०.४ सेकंदात? इतकी जवळची तिसरी बहुतेक दिसणार नाही.

कंपनवेडा:
बरं. तुकडा सरकवून पाहिला. एका ठिकाणी दोन शिखरं, दुसऱ्या ठिकाणी एक. तुमचं म्हणणं पटलं असं नाही, पण माझी शिखरं खोटी होती हे दिसलं. मग काय सेटिंग ठेवू?

सिंधुदुर्गकर:
एफमॅक्स १००० वर ४०० लाइन्स घेतल्या की रेकॉर्ड ०.४ सेकंदाचंच मिळतं. एफमॅक्स २०० आणि ८०० लाइन्स ठेवा, चार सेकंद मिळतील. हॅनिंग लावलं तरी ९९ आणि १०० वेगळे दिसतील. त्यावर हवं तेवढं पॅडिंग करा.

कंपनवेडा:
पण आमच्या पंपावरचा लोड हलतो. चार सेकंदांत गती १५ आरपीएमने बदलली तर ९९ चं शिखरच अर्ध्या हर्ट्झभर पसरेल. तेव्हा?

जुना फिटर:
तेव्हा शटडाउनची वाट बघायची आणि सप्लाय तोडायचा.

मॉडेलवाला:
टॅकोचा सिग्नल सोबत नोंदवा आणि गतीनुसार सँपलिंग बदलून घ्या. मग गतीची दुप्पट एका जागी राहील, पसरेल ती १०० ची लहर.

सिंधुदुर्गकर:
दोन्ही करा, आधी साध्या वेळेवर आणि मग गतीवर. ज्यात जी लहर टोकदार होते, ती त्या घरची. टॅको आहे का तुमच्याकडे?

कंपनवेडा:
शाफ्टवर टेप चिकटवायची सोय आहे. सोमवारी मोजतो.