मदत हवी आहे: क्रिटिकल पॉइंटला P किती धरायचा?

कार्बन डायऑक्साइडचा फेज डायग्रॅम वाचताना एका जागी अडलोय. गिब्जचा फेज रूल F = C − P + 2; यात C म्हणजे घटकांची संख्या, P म्हणजे एकत्र असलेल्या अवस्थांची संख्या आणि F म्हणजे आपल्या मर्जीने बदलता येणाऱ्या राशींची संख्या. इथे C = 1. नुसत्या वायूच्या भागात F = 2, म्हणजे तापमान आणि दाब दोन्ही आपल्या मर्जीचे. द्रव-वायू रेषेवर F = 1; तापमान २०° सें. ठेवलं की दाब आपोआप साधारण ५७ बार. ट्रिपल पॉइंटला (−५६.६°, ५.२ बार) तिन्ही अवस्था एकत्र, म्हणून F = 0. १ बारची आडवी रेषा त्याच्या खालून जाते, म्हणून ड्राय आइस न वितळता थेट उडून जातो. इथवर पटलं.

घोडं अडतं ते क्रिटिकल पॉइंटला, म्हणजे ३१° आणि ७३.८ बारला. तिथे द्रव-वायूची घनता सारखी होते, मधली सीमारेषा पुसट होत नाहीशी होते. P = 1 धरला तर F = 2, P = 2 धरला तर F = 1. पण बिंदू तर ठरलेला, म्हणजे F = 0 हवा! दोन अवस्था धरून ‘दोन्ही एकसारख्या’ ही जादा अट म्हणून आणखी एक वजा करायचा, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

आणि या बिंदूला वरून वळसा घालून द्रवातून वायूत गेलो, तर उकळणं कुठेच दिसणार नाही ना?