'मस्ट' म्हणजे ९५ टक्के आणि 'माइट' म्हणजे ३०? हा तक्ता वर्गात हवा की नको?

अनुस्वार
भाचीच्या इंग्रजीच्या सराव चाचणीतला प्रश्न: 'द लाइट इन हर रूम इज ऑफ. शी ___ बी स्लीपिंग.' पर्याय मस्ट, कान्ट, मे, माइट. तिने 'माइट' लिहिलं. उत्तरसूचीत 'मस्ट' आहे, म्हणून गुण गेला. वहीत तक्ता उतरवून दिलाय: मस्ट ९५ टक्के, मे ५०, माइट ३०, कान्ट शून्य. माझ्या मते हा तक्ता फेकून द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा
मी हाच तक्ता शिकवते आणि पुढेही शिकवणार. वर्गात येणाऱ्या मुलांना 'मस्ट'चा एकच अर्थ माहीत असतो, केलंच पाहिजे. 'ही मस्ट बी स्लीपिंग' याचं मराठी करायला सांगा, निम्मा वर्ग 'त्याने झोपलंच पाहिजे' असं लिहितो. आकडे समोर ठेवले की त्यांना कळतं, इथे हुकूम नाही, अंदाज आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना याहून सोपं काय सांगणार? आणि प्रश्नात काय वावगं आहे? रात्री खोलीतला दिवा बंद म्हणजे ती झोपलेलीच असणार.

अनुस्वार
प्रश्नात 'रात्री' कुठे आहे, मॅडम? ते तुम्ही मनातून घातलंत. भाचीने घातलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

पदच्छेद
अनुस्वार यांचा शेवटचा मुद्दा पक्का आहे, आणि सगळा वाद तिथेच आहे. यातला कुठला शब्द बसणार हे ती झोपली असण्याची शक्यता किती यावर ठरत नाही. बोलणाऱ्याच्या हातात पुरावा काय आहे यावर ठरतं.

तीच खोली घ्या. फक्त दिवा बंद आहे, बाकी काही माहीत नाही. ती बाहेर गेली असेल, अंधारात गाणी ऐकत पडली असेल, झोपलीही असेल. इथे 'मे' किंवा 'माइट', त्यापुढे जायला काही आधार नाही. आता भर घाला: मध्यरात्र उलटली आहे, तिच्या चपला दाराशी आहेत, ती रोज अकराला अंथरुणावर पडते, हाक मारली तर ओ देत नाही. बाकीच्या शक्यता एकेक करून गळाल्या, म्हणून 'शी मस्ट बी स्लीपिंग'. उलट आतून फोनवर हसण्याचा तिचाच आवाज येतोय, तर 'शी कान्ट बी स्लीपिंग', मग दिवा बंद का असेना.

आता दार उघडून आत पाहा. ती डोळ्यांसमोर घोरतेय. आता 'मस्ट' म्हणता येत नाही, सरळ 'शी इज स्लीपिंग'. तक्त्याला हे सांगताच येत नाही.

खडूफळा
सांगता येतं की! पाहिलं म्हणजे १००, म्हणून 'इज'. न पाहता ९५, म्हणून 'मस्ट'. तक्ता मोडला कुठे?

पदच्छेद
इथे मोडतो. तीन भावंडं आहेत, आणि घरात माझ्याशिवाय चौथं कुणी नाही. आतल्या खोलीत कुणीतरी पियानो वाजवतंय. दोघं माझ्यासमोर बसली आहेत. मग 'द थर्ड वन मस्ट बी प्लेइंग'. माझी खात्री किती? पूर्ण शंभर. तरी मी 'मस्ट'च म्हणणार, कारण मला तो दिसत नाही, मी तर्काने तिथे पोचलो. पाच टक्के शंका गेली कुठे?

भाषाशास्त्रात यावर जुना वाद आहे. लाउरी कार्टुनेन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की 'मस्ट'चं वाक्य साध्या विधानापेक्षा कमजोर वाटतं. मग २०१० मध्ये काई फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीस यांनी उलट मांडलं: 'मस्ट' कमजोर नाहीच, ते फक्त सांगतं की ही माहिती थेट पाहून आलेली नाही, अनुमानाने आली आहे. मला दुसरं पटतं. अजून सगळ्यांना पटलेलं नाही, हेही खरं.

रात्रपाळी
तुमचं भांडण चालू द्या, पण माझं एक सांगा. ऑफिसात मी एका क्लायंटला मेसेज टाकला, 'यू मस्ट बी जॉइनिंग द कॉल नाउ'. म्हणजे आता कॉलवर याच. त्याचं उत्तर आलं, 'नो, आयम ड्रायव्हिंग'. आला नाही तो नाहीच. साहेब म्हणतात मी उद्धटपणे लिहिलं, मला वाटतं ठाम लिहिलं. 'मस्ट' ९५ टक्के म्हणजे जोरच आहे ना त्यात?

पदच्छेद
रात्रपाळी, तुमचा मेसेज उद्धटही नाही आणि ठामही नाही. त्याने तो वाचला असा: 'तुम्ही आत्ता कॉलवर येतच असणार.' तुम्ही अंदाज केलात, त्याने खरं काय ते सांगितलं, नाही, गाडी चालवतोय. बिचारा बरोबर उत्तर देऊन गेला.

'बी' आणि 'इंग' लागलं की 'मस्ट' सहसा हुकूम सोडून अंदाजाकडे जातं. बोलवायचंच होतं तर 'यू मस्ट जॉइन', आणि क्लायंटला तेही नको, 'प्लीज जॉइन' पुरे. पण उलट बाजूने नियम लावायला जाऊ नका. 'इंग' नाही म्हणजे हुकूमच, असं नाही. 'शी मस्ट नो', म्हणजे तिला माहीत असणार, हा अंदाजच आहे, कारण 'नो'ला तसं 'इंग' लागतच नाही. आणि 'ही मस्ट वर्क हार्ड' दोन्हीकडे झुकतं, त्याने कष्ट केले पाहिजेत किंवा तो कष्ट करत असणार. आगेमागे काय आहे ते पाहूनच ठरतं.

चोखंदळ
मूळ तक्त्यात खरी खोट वेगळीच आहे, कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. 'मस्ट'चं नकारार्थी 'मस्टन्ट' नव्हे, 'कान्ट'. 'ही मस्टन्ट बी स्लीपिंग' हे कुठल्याही इंग्रजीत चूक. आणि 'कान्ट' म्हणजे अशक्य, तर 'कॅन' म्हणजे शक्य, म्हणून 'ही कॅन बी स्लीपिंग' म्हणजे तो झोपला असू शकतो. 'मे'ची गरजच काय? चारऐवजी तीन शब्द शिकवा.

पदच्छेद
पहिलं बरंचसं खरं. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत अंदाजाचा नकार 'कान्ट'नेच होतो आणि आपल्या परीक्षांनाही तेच हवं असतं. पण 'कुठल्याही इंग्रजीत' हे काढून टाका. अमेरिकन माणूस 'ही मस्ट नॉट बी स्लीपिंग' सर्रास म्हणतो, दोन शब्द सुटे ठेवून. जोडून 'मस्टन्ट' केलं की तिकडेही मनाई वाटते.

दुसरं मात्र चुकतंय. आत्ता चाललेल्या एका क्रियेबद्दल होकारार्थी 'कॅन' चालत नाही. 'ही कॅन बी स्लीपिंग' नाही, 'ही कुड बी स्लीपिंग'. गंमत अशी की प्रश्नात तेच 'कॅन' परत येतं, 'व्हॉट कॅन ही बी डूइंग इन देअर?', आत हा करतोय तरी काय, असा वैताग घेऊन. आणि 'मे'ने असा प्रश्न विचारत नाहीत.

चोखंदळ
होकारात नाही, नकारात आहे, प्रश्नात आहे! असल्या भाषेला नियम तरी कशाला म्हणायचं.

खडूफळा
नकाराचं निघालंच आहे तर माझी खरी डोकेदुखी सांगते. 'मे नॉट बी' आणि 'कान्ट बी'. 'ती झोपली नसेल' असं मराठीत दिलं की मुलं दोन्हींपैकी हाताला लागेल ते लिहितात, आणि मला चूक म्हणता येत नाही, कारण आपलं 'नसेल' दोन्ही अर्थांनी चालतं. तक्त्यातही 'मे नॉट'ला जागा नाही. पन्नासचा नकार पन्नासच, मग वेगळं काय शिकवायचं?

पदच्छेद
यावर एक तपासणी वर्गात चालते. वाक्याला शेपूट जोडून पाहायचं: 'पण कदाचित झोपलीही असेल.' 'शी मे नॉट बी स्लीपिंग, बट शी मे बी' हे नीट उभं राहतं. दोन्ही शक्यता उघड्या आहेत, एवढंच म्हणणं. 'शी कान्ट बी स्लीपिंग, बट शी मे बी' म्हटलं की बोलणाऱ्याने स्वतःचंच वाक्य खोडलं. कारण 'कान्ट'मध्ये नकार शक्यतेलाच लागतो, शक्यताच नाही. 'मे नॉट'मध्ये शक्यता जागेवर आहे, नकार झोपेला लागतो. मुलांना ही नावं सांगायची गरज नाही, शेपूट जोडायला लावलं की पुरतं.

खडूफळा
हे उद्याच करून बघते. पण 'मे' आणि 'माइट'चं काय? तिथे तरी ५० आणि ३० राहू द्या. 'माइट' जरा दुरून बोलल्यासारखं असतंच, व्याकरणाच्या किती तरी पुस्तकांत आहे.

पदच्छेद
आहे, आणि काही बोलणाऱ्यांना तो फरक जाणवतोही. पण रोजच्या बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी सर्रास येतात, आणि बोलताना 'माइट'च जास्त ऐकू येतं. शिवाय दुसऱ्याचं बोलणं सांगताना पंचाईत होते. आई म्हणाली 'ही मे बी स्लीपिंग', ते मी तुम्हाला सांगताना होतं 'शी सेड ही माइट बी स्लीपिंग'. मग काय आईची खात्री वाटेत वीस टक्क्यांनी घटली?

खडूफळा
ते काळ बदलल्यामुळे, खात्रीमुळे नाही. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र करताय. मी फरक शिकवणारच, आकडे हवं तर काढते.

अनुस्वार
आकडे निघाले, तरी भाचीचा गुण राहिलाच. नुसता दिवा बंद, यावर 'मे' आणि 'माइट' दोन्ही बरोबर आणि 'मस्ट' जास्तीचं, असंच ना? मग एकच उत्तर मागणारा प्रश्न मुळात बादच.

खडूफळा
बरं, दोन्ही एका प्रश्नात देऊ नयेत, हे मान्य. माझ्या पुढच्या चाचणीत असं टाकते: 'आय कॅन हिअर हर टायपिंग. शी ___ बी स्लीपिंग.' पर्याय मस्ट, कान्ट, माइट. आता तरी वाद नको.

रात्रपाळी
'हिअर हर टायपिंग' म्हणजे टाइप करणारी तीच, हे प्रश्नातच सांगून टाकलंत. मग अंदाज कसला उरला? 'आय कॅन हिअर टायपिंग' एवढंच ठेवा.

चोखंदळ
आणि तेवढंच ठेवलं, तर खोलीत आणखी कुणी आहे का ते आधी सांगा.