स्मिता पाटील: हिंदी-मराठीच्या पलीकडे

> ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’, ‘मिर्च मसाला’ झाले. आता स्मिताचं काय बघू?

वडील शिरपूरचे, म्हणून आम्हा खान्देशींना ती घरचीच. पण इथेही गप्पा याच तीन नावांवर थांबतात. तिच्या नावानं शोधू नका, दिग्दर्शक धरा. मृणाल सेन यांचा बंगाली ‘आकालेर संधाने’ (1980) आधी लावा. 1943च्या दुष्काळावर सिनेमा करायला एक युनिट खेड्यात येतं आणि स्मिता त्यात स्मिता नावाचीच नटी आहे. कॅमेऱ्यापुढची भुकेली बाई आणि शॉट संपल्यावरची शहरी पोरगी, दोन्ही एकाच सिनेमात दिसतात. मग अरविंदन यांचा मल्याळी ‘चिदंबरम’ (1985). तिथे संवाद मोजकेच. डोंगरातल्या फार्मवर नवी आलेली शिवकामी फुलं बघत फिरते, तेवढ्यावरच पकडते. वेग संथ आहे. जेवणानंतर लावलात तर झोप नक्की.