अनुभव धागा: टायमिंग डायग्राममध्ये तुम्हाला ग्लिच कसा दिसला?

वागळे इस्टेट (धागाकर्ता)

आमच्या शॉपमध्ये पॅकिंग मशीनची कंट्रोल कार्डं बनतात आणि दुरुस्तही होतात. मागच्या महिन्यात एका कार्डाने आठ दिवस झोप उडवली. शेवटी उत्तर कागदावर काढलेल्या टायमिंग डायग्राममध्ये सापडलं. ज्यांनी असा ग्लिच पकडलाय त्यांनी इथे लिहा, अगदी तपशिलात. सुरुवात माझ्यापासून.

काम साधं होतं: सोळा पाकिटं मोजायची आणि एकदा कटर मारायचा. सेन्सरचा पल्स 74HC393 ला, त्याचे चारही आउटपुट नॉर गेटला. काउंट शून्यावर आला की नॉर हाय होतो. तो थेट 74HC74 च्या क्लॉकला जोडलेला, त्या फ्लिपफ्लॉपवर कटर. कटर खाली येऊन गेला की लिमिट स्विच त्याला क्लिअर करतो.

तक्रार अशी की कधीकधी आठव्या पाकिटावरच कटर पडतो. दिवसातून दोनदा, कधी दहादा. चोवीस मेगाहर्ट्झचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर लावला, तर सगळं स्वच्छ. मी दोन दिवस सेन्सरलाच दोष देत बसलो.

मग वही घेतली. 74HC393 रिपल काउंटर आहे, म्हणजे चारही बिटं एकदम बदलत नाहीत. पहिलं पडलं की त्याच्या धक्क्याने दुसरं, मग तिसरं. सातावरून आठावर जाताना प्रत्यक्षात हे होतं:

```
Q3 Q2 Q1 Q0
 0  1  1  1   सात
 0  1  1  0
 0  1  0  0
 0  0  0  0   इथे शून्य!
 1  0  0  0   आठ
```

चौथ्या ओळीत काउंटर खरोखर शून्य दाखवतो. Q2 पडल्यापासून Q3 चढेपर्यंतचा तो वेळ, साधारण पाच नॅनोसेकंद. आमचा अ‍ॅनालायझर एक्केचाळीस-बेचाळीस नॅनोसेकंदांनी एकदा बघतो, त्याला हे कुठून दिसणार?

ऐरोली, डिप्लोमा तिसरं वर्ष

दादा, पण मग एकावरून दोनावर आणि तिनावरून चारावर जातानाही शून्य येतंच की. तिथे कटर का नाही पडला? आणि आम्हाला शिकवलंय की सेटअप-होल्डचा घोळ असेल तर क्लॉक हळू करायचा, सगळं सुटतं. पाकिटं हळू सोडून बघितलीत का?

वागळे इस्टेट (धागाकर्ता)

पहिला प्रश्न अगदी बरोबर. मीही तिथेच अडलो होतो. त्या दोन्ही जागी ग्लिच होतेच, पण पाच नॅनोसेकंदांचा पल्स नॉरमधून निघताना बहुतेक वेळा मरतो. मेला नाही तरी 74HC74 ला क्लॉकसाठी बऱ्याच रुंद पल्सची हमी लागते. माझ्या डेटाशीटमध्ये साडेचार व्होल्टला ती सोळा नॅनोसेकंद आहे. त्याहून बारीक पल्स तो कधी घेतो, कधी सोडतो. आठावर फरक एवढाच की आमच्या कार्डावर Q3 ची लाइन एका लांब रिबन केबलने डिस्प्लेलाही गेलेली होती. त्या केबलच्या भाराने Q3 उशिरा चढायचा आणि शून्याची फट रुंद व्हायची. केबल काढली, तक्रार बंद. लावली, पुन्हा सुरू. हळू सोडून काहीच फरक पडला नाही, कारण ही फट पाकिटांच्या वेगावर अवलंबूनच नाही.

कोपरखैरणे

आमच्याकडेही सेम! प्रॉक्सिमिटी सेन्सर पीएलसीच्या इनपुटला होता, काउंट चुकायचे. फिल्टर टाइम वाढवला आणि ठीक झालं. तुम्ही पण कपॅसिटर लावून बघा.

महापे, चिपच्या कामात पंधरा वर्षं

कोपरखैरणेकर, तुमचं दुखणं इनपुटवरच्या थरथरीचं होतं, मिलिसेकंदांचं. यांचा ग्लिच काउंटरच्या पोटातून येतोय. नॉरच्या आउटपुटला कपॅसिटर लावला तर क्लॉकची कड इतकी मंद होईल की नवाच त्रास सुरू होईल.

ऐरोलीकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. क्लॉक हळू केला की सेटअपला जागा मिळते, होल्डला मिळत नाही. माझा एक अनुभव सांगते. शिफ्ट रजिस्टर होतं, दोन फ्लॉप एकामागे एक. दुसऱ्याचा क्लॉक लांबून फिरून यायचा, सहा नॅनोसेकंद उशिरा. पहिल्याचा नवा डेटा मात्र चार नॅनोसेकंदांत दुसऱ्याच्या दाराशी हजर. दुसऱ्याला सहाव्या नॅनोसेकंदाला जुना डेटा हवा होता, तो दोन नॅनोसेकंद आधीच निघून गेलेला. क्लॉक सेकंदाला एक केला असता तरी हेच झालं असतं. डायग्राममध्ये याची खूण अशी की बिट एकाच एजला दोन घरं पुढे सरकतं. ते दिसलं की वेग कमी करण्यात वेळ घालवायचा नाही. डेटाच्या वाटेत उशीर घालायचा किंवा क्लॉकची वाट सरळ करायची. आणि डिले शून्य धरून सिम्युलेशन चालवलं तर यातलं काहीच दिसत नाही. आमच्याकडे त्यातच तीन आठवडे गेले.

ठाणे पूर्व, लॅब शिकवते

मुलं डायग्राम वाचताना प्रत्येक काट्याला घाबरतात. मी त्यांना ट्रान्सपरन्सीची एक पट्टी कापून देते. मधली रेघ क्लॉकच्या एजवर ठेवायची, डावीकडे सेटअपएवढी रुंदी, उजवीकडे होल्डएवढी. पट्टी एकेका एजवर सरकवत न्यायची. पट्टीखाली डेटा हलला तर लाल खूण, बाहेर कितीही नाचू दे. एकच अट: ती लाइन कुणाच्या क्लॉकला, क्लिअरला किंवा प्रीसेटला जात नसली पाहिजे. तिथे पट्टी चालत नाही, तिथे प्रत्येक काटा गुन्हेगार. धागाकर्त्यांचा नॉर नेमका तिथेच जोडलेला होता.

वागळे इस्टेट (धागाकर्ता)

ताई, हेच शेवटी केलं. 74HC74 मध्ये दोन फ्लॉप असतात, आमचा एक रिकामाच पडून होता. नॉर त्याच्या डी पिनला दिला. त्याच्या क्लॉकला सेन्सरचाच पल्स. 74HC393 मोजतो पल्स पडताना, 74HC74 घेतो पल्स चढताना. दोन्हींच्या मध्ये आमच्याकडे कित्येक मिलिसेकंद जातात. तोवर बिटं कधीच स्थिरावलेली असतात. सेटअप वीस नॅनोसेकंद लागतो, तो सहज मिळतो. एजनंतर डी हलतो तो थेट पुढचा पल्स पडताना, म्हणून होल्डचीही चिंता नाही. या फ्लॉपच्या आउटपुटवर आता कटरचा फ्लॉप चालतो. रिबन केबल जागच्या जागी ठेवून तीन आठवडे झाले, आठव्या पाकिटावर एकदाही पडला नाही.

पण एक गोष्ट उरली आहे. या तीन आठवड्यांत दोनदा सोळाव्या पाकिटावर कटर पडलाच नाही.

महापे, चिपच्या कामात पंधरा वर्षं

लिमिट स्विचवर माझा संशय आहे. तो क्लॉक बघून क्लिअर सोडत नाही. क्लिअर सुटला आणि लगेच क्लॉकची एज आली, तर तो फ्लॉप ती एज घेईल याची हमी नाही. डेटाशीटमध्ये त्या अंतरासाठी वेगळी ओळ असते, ती बघा. पण तुमची मशीन इतकी सावकाश आहे की तीन आठवड्यांत दोनदा हे जुळून येणं मला जरा जास्त वाटतं.

ठाणे पूर्व, लॅब शिकवते

मला वाटतं स्विच थरथरत असेल आणि क्लिअर पुढच्या काउंटपर्यंत लांबत असेल. कोपरखैरणेकरांचा फिल्टर कदाचित इथे लागू पडेल.

वागळे इस्टेट (धागाकर्ता)

रविवारी लाइन बंद असते, तेव्हा स्कोप लावतो. एक प्रोब क्लिअरवर, एक क्लॉकवर. क्लिअर सुटण्यावर ट्रिगर ठेवून हाताने पाकिटं सोडतो. जे दिसेल त्याचा फोटो इथे टाकतो.