निकोटिन गमने उचक्या व जळजळ: पॅच जोडावा का, आणि किती दिवस?

खानापूरकर: निपाणीला राहणारे माझे थोरले बंधू दिवसाला वीसेक सिगारेटी ओढत आणि त्यांतली पहिली उठल्याउठल्याच पेटवत. आता सिगारेट बंद करून ते 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम घेतात. तो ते एरवीच्या च्युइंगगमसारखा भराभर चावतात, त्यामुळे उचक्या लागतात, छातीत जळजळते आणि तलफ मात्र तशीच राहते. गम बरोबर कसा वापरावा, पॅच सोबत चालेल का आणि हे किती दिवस घ्यावे, हे कृपया सांगावे. त्यांना हृदयविकार नाही.

सदाशिव काका, बेळगाव: गमच्या आधी पाव तास आणि तो तोंडात असेपर्यंत कॉफी, कोला किंवा कोकम सरबत घेऊ देऊ नका, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषले जात नाही. पॅच लावायचा असेल तर गम पूर्ण थांबवावा. दोन्ही एकदम घेतले की विषबाधा होते.

समुपदेशक, चिक्कोडी: काकांचे पहिले म्हणणे योग्य आहे, दुसऱ्याशी मी सहमत नाही. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो आणि अचानक उसळणारी तलफ गम शमवतो, म्हणून ही जोडी डॉक्टर मुद्दाम देतात. मळमळ, घाम किंवा छातीत धडधड जाणवली, तर मात्रा जास्त होत आहे असे समजावे.

बंधूंचा त्रास चावण्यातला आहे. भराभर चावल्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तिथे जळजळ करते आणि रक्तात फारसे पोहोचत नाही. गम सावकाश चावावा. जिभेला मिरमिरले की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, आणि मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावावा. असा एक गम साधारण अर्धा तास पुरतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्यास बहुधा 4 मिलिग्रॅम लागतो, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

हुक्केरीची वहिनी: आमच्या घरी तंबाखू-चुन्याची सवय आहे, म्हणून विचारते. यजमानांनी पॅच लावला की रात्री भलतीच स्वप्ने पडतात आणि दंडाला खाज सुटते.

समुपदेशक, चिक्कोडी: वहिनी, झोपताना पॅच काढावा आणि सकाळी नवा लावावा; जागा रोज बदलावी, कोरड्या व केस नसलेल्या त्वचेची निवडावी. पुरळ उठले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

खानापूरकर, वीस सिगारेटींसाठी नेहमीचा क्रम म्हणजे 21 मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग 14 चा दोन आणि 7 चा दोन आठवडे. गम पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी घेऊन पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत न्यावा. बरे वाटते म्हणून तिसऱ्या आठवड्यातच सोडणारे बरेच जण पुन्हा सिगारेटीकडे वळलेले मी पाहिले आहेत.

खानापूरकर: मनापासून आभार. बारा आठवड्यांनंतरही जेवणानंतरचा एक गम सुटला नाही, तर?

समुपदेशक, चिक्कोडी: सिगारेटीपेक्षा तो गम कितीतरी बरा, म्हणून मी तो हट्टाने सोडायला लावत नाही. काही डॉक्टर मात्र तिथेच थांबवतात; बंधूंच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

सदाशिव काका, बेळगाव: तरीही पॅचसोबत गम मला पटत नाही. आधी रक्तदाब तपासून घ्या.